मुलाखतीसाठी सोय कशी मागावी : कमी ऐकू येणाऱ्या उमेदवारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने कमी ऐकू येणाऱ्या आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्या उमेदवारांसाठी लिहिली आहेत. मी स्वतः महाविद्यालयात असल्यापासून दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. पहिली काही वर्षे उमेदवार म्हणून आणि पुढे निवड समितीची सदस्य म्हणून मी मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. इतर प्रकृतीच्या तक्रारी असणाऱ्यांसाठी शेवटाकडे एक प्रश्न आहे, पण पत्र लिहिण्याची रीत सर्वांसाठी एकच आहे.

मुलाखतीत सोय मागणे म्हणजे नेमके काय मागणे?

मुलाखत घेण्याच्या पद्धतीत असा बदल मागणे, की ज्यामुळे तुमचे ज्ञान आणि अनुभव समितीपर्यंत पोहोचतील आणि मधे येणारा अडथळा दूर होईल. जे तपासायचे आहे त्यात बदल मागायचा नसतो. लेखापालाच्या पदासाठी ताळेबंद वाचता येतो का हे तपासले जाणारच, आणि तो प्रश्न वगळा असे म्हणणे ही सोय होत नाही. तोच प्रश्न फोनवर विचारण्याऐवजी समोरासमोर विचारावा किंवा आकडे कागदावर लिहून द्यावेत, असे म्हणणे ही सोय होते. हा फरक स्वतःच्या मनात स्पष्ट असला की विनंती करताना संकोच कमी होतो, कारण गुण वाढवून मागितल्याची भावना राहत नाही.

याला कायद्याचा आधार आहे का? खासगी संस्थेलाही तो लागू होतो का?

आधार आहे, पण सरकारी आणि खासगी आस्थापनांसाठी तो सारखा भक्कम नाही, आणि हे आधीच माहीत असलेले बरे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात वाजवी सोयीची व्याख्या दिली आहे: दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावेत म्हणून केलेले आवश्यक आणि योग्य बदल, मात्र त्यांचा समोरच्यावर अवाजवी भार पडता कामा नये. अशी सोय नाकारणे हा भेदभावाचाच एक प्रकार आहे, असे त्याच कायद्याच्या व्याख्येत म्हटले आहे.

नोकरीच्या बाबतीत कलम २० सरकारी आस्थापनांना भेदभाव करण्यास मनाई करते आणि वाजवी सोय देण्याचे बंधन थेट त्यांच्यावर घालते. खासगी आस्थापनांसाठी महत्त्वाचे आहे ते कलम २१. त्यानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते, आणि २०१७ च्या नियमांनुसार वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सुविधा, निवडीची पद्धत आणि संपर्क अधिकारी यांचा तपशील द्यायचा असतो. अर्ज करण्यापूर्वी संस्थेच्या संकेतस्थळावर हे धोरण शोधावे. सापडले तर पत्र कोणाला लिहायचे हा प्रश्न तिथेच सुटतो. लहान संस्थांमध्ये ते बहुधा सापडत नाही, आणि तेव्हा पत्राची भाषा हेच तुमचे मुख्य साधन ठरते.

माझ्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही. तरी मागता येईल का?

विनंती करायला प्रमाणपत्र लागत नाही. हा प्रश्न कमी ऐकू येणाऱ्यांना फार छळतो, कारण कायद्याच्या अनुसूचीतील व्याख्या बरीच कडक आहे. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक श्रवणऱ्हास असेल तर 'कर्णबधिर' आणि दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल असेल तर 'कमी ऐकू येणारी व्यक्ती', अशी ती विभागणी आहे. एकाच कानाने ऐकू न येणारा किंवा दोन्ही कानांत ५० डेसिबल ऱ्हास असणारा माणूस या चौकटीबाहेर राहतो, आणि मोठ्या खोलीतल्या मुलाखतीत अडतो मात्र तोही तितकाच.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात दिलेला निकाल येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. हात आखडण्याच्या विकारामुळे लिहिता न येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता, कारण त्याच्याकडे ४० टक्क्यांचे, म्हणजे कायद्याच्या भाषेत लक्षणीय दिव्यांगत्वाचे, प्रमाणपत्र नव्हते. आरक्षणासाठीची ४० टक्क्यांची अट सोयीच्या हक्कावर लादता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आरक्षण आणि सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड लागतेच, आणि सरकारी भरतीत तसा दावा अर्ज भरतानाच करावा लागतो, तो मुलाखतीपर्यंत थांबवू नये. समोरासमोर बसून बोलण्याची विनंती मात्र साध्या पत्राने करता येते.

हे केव्हा सांगावे? अर्जात, की मुलाखतीला बोलावल्यावर?

खासगी नोकरीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: मुलाखतीचे बोलावणे आल्यावर सांगावे. बायोडेटात श्रवणऱ्हासाचा उल्लेख केल्याने वाचणाऱ्याला त्या टप्प्यावर काहीच वेगळे करायचे नसते, त्यामुळे त्या माहितीचा उपयोग फक्त चाळणी लावण्यासाठी होऊ शकतो. बोलावणे आले याचा अर्थ तुमची पात्रता संस्थेने मान्य केली आहे, आणि आता कोणीतरी वेळ, जागा आणि माध्यम ठरवत बसले आहे. नेमक्या त्याच व्यक्तीला तुमची माहिती कामाची असते.

बोलावणे आल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावे. खोली किंवा माध्यम बदलायला दोन-तीन कामाचे दिवस पुरतात. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल तर निदान आठवडाभर आधी सांगावे, कारण असे दुभाषी मोजके आहेत आणि ऐन वेळी मिळत नाहीत. मुलाखतीच्या दिवशी सकाळी केलेली विनंती बहुधा मान्य होते, पण ती घाईने आणि अर्धवट पार पाडली जाते. खोली तीच राहते आणि फक्त सगळे मोठ्याने बोलू लागतात, ज्याचा फारसा उपयोग होत नाही.

पहिली फेरी फोनवर आहे. ती बदलून मागणे जास्त होईल का?

अजिबात नाही. माझ्या मते बदलून मागण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे. पारंपरिक टेलिफोन वाहिनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोहोचवते. स, श, फ, छ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारी ऊर्जा बरीचशी त्याच्या वरच्या पट्ट्यात असते, आणि बहुतेकांचा श्रवणऱ्हासही नेमका त्याच वरच्या पट्ट्यात अधिक असतो. त्यामुळे फोनवर 'छत्तीस' आणि 'बत्तीस' यांतला फरक करणारा आवाज दोनदा गाळला जातो, एकदा वाहिनीत आणि एकदा कानात. भरीला ओठ दिसत नाहीत. मोबाइलवर आता अनेकदा अधिक रुंद पट्ट्यातला आवाज मिळतो, पण तो दोन्ही बाजूंच्या फोनवर आणि जोडणीवर अवलंबून असतो, आणि तो मिळेलच असे गृहीत धरून मुलाखत देता येत नाही.

व्हिडिओ कॉलवर आवाजाचा पट्टा रुंद असतो, चेहरा दिसतो आणि स्वयंचलित मथळेही लावता येतात. मथळ्यांवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये. ते बोलण्याच्या किंचित मागून येतात, आणि माणसांची नावे, संस्थांची नावे व मराठी-इंग्रजी मिसळलेली वाक्ये त्यांत हमखास चुकतात. शिवाय पलीकडे चार जण एकाच लॅपटॉपभोवती बसले असतील, तर खोलीच्या घुमण्यामुळे मथळे आणि तुमचे कान दोघेही हरतात. म्हणून व्हिडिओ कॉल मागताना प्रत्येकाने कॅमेरा सुरू ठेवावा, आणि शक्य असल्यास प्रत्येकाने स्वतंत्र उपकरणावरून जोडले जावे, हेही त्याच पत्रात लिहावे.

आजाराबद्दल किती सांगावे?

या माहितीचे तीन थर असतात असे समजा. पहिला थर म्हणजे कोणत्या परिस्थितीत अडचण येते: फोनवर, लांबच्या टेबलावर, अनेक जण एकदम बोलताना. दुसरा थर म्हणजे अवस्थेचे नाव: संवेदी-मज्जातंतुजन्य श्रवणऱ्हास, ओटोस्क्लेरोसिस, मेनिएर्स. तिसरा थर म्हणजे इतिहास: केव्हापासून, कशामुळे, कोणत्या डॉक्टरांकडे, शस्त्रक्रिया झाली का, पुढे काय होणार आहे. मुलाखतीसाठी पहिला थर पुरतो. दुसऱ्या थरातून 'मी श्रवणयंत्र वापरते' एवढे एक वाक्य घेतले तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहते, आणि तसेही ते यंत्र समोर बसल्यावर दिसणारच असते. तिसरा थर पूर्णपणे तुमचा आहे, आणि तो घरीच ठेवावा.

पत्रातील प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारून पाहावा: हे वाचून मुलाखतीची व्यवस्था करणारा माणूस काही वेगळे करणार आहे का? 'समिती सदस्य माझ्यापासून दोन मीटरच्या आत बसले तर मला स्पष्ट ऐकू येते' हे वाचून तो खुर्च्या हलवेल. 'लहानपणी गोवर झाल्यानंतर हळूहळू ऐकू येणे कमी झाले' हे वाचून त्याला फक्त वाईट वाटेल, आणि वाईट वाटलेल्या माणसाच्या हातून निवडीचा निर्णय नि:पक्षपाती होईलच असे नाही. ऑडिओग्राम जोडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. तो आलेख व्यवस्थापकाला वाचता येत नाही, आणि खाली उतरत गेलेली रेघ पाहून तो भलताच निष्कर्ष काढू शकतो.

एखादे उदाहरण पूर्ण मांडून दाखवाल का?

सांगली जिल्ह्यातील एका उमेदवाराचे उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी, एका लेखापरीक्षकाकडे चार वर्षांचा अनुभव, दोन्ही कानांत मध्यम स्वरूपाचा श्रवणऱ्हास आणि श्रवणयंत्रे. एका नागरी सहकारी बँकेत लेखाधिकारी पदासाठी त्याने अर्ज केला होता. बँकेकडून ईमेल आला: मंगळवारी शाखा व्यवस्थापक फोनवर वीस मिनिटे बोलतील, आणि त्यात निवड झाल्यास पुढील आठवड्यात संचालक मंडळाच्या सभागृहात पाच सदस्यांपुढे मुलाखत होईल. त्याने लिहिलेला पहिला मसुदा असा होता:

> महोदय, आपणांस कळविण्यास अत्यंत वाईट वाटते की मला जन्मापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. २०१४ साली मिरजेत तपासणी केल्यावर डॉक्टरांनी यावर इलाज नाही असे सांगितले. यामुळे मला यापूर्वी दोन नोकऱ्यांत अपयश आले. तरी कृपया माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून मला समजून घ्यावे ही नम्र विनंती. अहवाल सोबत जोडला आहे.

हे पत्र प्रामाणिक आहे आणि वाचताना गलबलून येते, पण ते वाचून व्यवस्थापकाने करायचे काय? त्यात एकही मागणी नाही. 'समजून घ्यावे' याचा अर्थ फोन करू नये असा आहे, की फोनवर हळू बोलावे असा आहे, की मुलाखतच सोपी ठेवावी असा आहे, हे त्याला कळत नाही. दोन नोकऱ्यांतील अपयशाचा उल्लेख तर कोणी विचारला नसताना केला गेला, आणि वाचणाऱ्याच्या मनात सर्वांत जास्त काळ राहणार ते तेच वाक्य. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून ते पुन्हा लिहिले:

> विषय : लेखाधिकारी पदाची मुलाखत – व्यवस्थेबाबत विनंती
>
> आदरणीय महोदय,
>
> लेखाधिकारी पदाच्या मुलाखतीसाठी निवड केल्याबद्दल मी आपला आभारी आहे. दोन्ही फेऱ्यांसाठी मी उपलब्ध आहे.
>
> मी श्रवणयंत्र वापरतो. समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर मला व्यवस्थित संवाद साधता येतो, मात्र फोनवर शब्द स्पष्ट कळत नाहीत. त्यामुळे मंगळवारची फेरी त्याच वेळी व्हिडिओ कॉलवर घ्यावी, किंवा सोयीचे असल्यास मी शाखेत प्रत्यक्ष येऊन भेटावे, अशी विनंती आहे.
>
> समितीपुढील मुलाखतीच्या वेळी माझी खुर्ची सदस्यांच्या जवळ असावी, प्रकाश सदस्यांच्या चेहऱ्यावर पडेल अशी बैठक असावी आणि एका वेळी एका सदस्याने प्रश्न विचारावा, एवढी व्यवस्था झाल्यास मला प्रश्न नीट ऐकता येतील. यासाठी कोणताही खर्च किंवा जादा वेळ लागणार नाही.
>
> यापैकी काही शक्य नसल्यास कृपया कळवावे, म्हणजे आपल्याला सोयीचा पर्याय मी सुचवू शकेन.
>
> आपला विश्वासू,

यातील काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. सुरुवातीला उपलब्धता सांगितल्यामुळे हा माणूस मुलाखत टाळत नाही हे पहिल्याच परिच्छेदात कळते. अडचणीच्या आधी काय जमते ते सांगितले आहे. फोनच्या फेरीला दोन पर्याय दिले आहेत, कारण व्यवस्थापकाला व्हिडिओ कॉलची सवय नसण्याची शक्यता सहकारी बँकेत खरीच असते. प्रकाशाचा मुद्दा अनेकांना किरकोळ वाटतो. सभागृहात सदस्यांच्या पाठीमागे खिडकी असेल तर त्यांचे चेहरे काळोखे दिसतात आणि ओठ वाचता येत नाहीत, म्हणून तो लिहिलेला आहे. 'सहानुभूती' हा शब्द काढून टाकला, आणि 'वाईट वाटते' हेही. वाईट वाटण्यासारखे त्यात काही नव्हते.

मंगळवारी व्यवस्थापकांनी त्याला शाखेतच बोलावले. सभागृहात मात्र खुर्ची टेबलाच्या टोकालाच होती, वर पंखा सुरू होता, आणि श्रवणयंत्र पंख्याचा आवाजही तितक्याच निष्ठेने मोठा करते. तेव्हा त्याने काय केले, हे पुढच्या प्रश्नात येते.

आधी कळवूनही व्यवस्था झालेली नसेल तर ऐन वेळी काय म्हणावे?

बसण्याआधी म्हणावे. एकदा प्रश्नोत्तरे सुरू झाली की थांबवणे अवघड जाते. त्या उमेदवाराने नमस्कार केल्यावर उभ्या उभ्याच विचारले, 'सर, मी पत्रात लिहिल्याप्रमाणे थोडा जवळ बसलो तर चालेल का? आणि हा एक पंखा बंद करता येईल का?' अध्यक्षांना पत्राची कल्पनाच नव्हती, ते व्यवस्थापकांच्या फाइलमध्ये राहिले होते. असे फार वेळा होते, आणि त्यामागे बहुधा दुष्ट हेतू नसतो: पत्र वाचणारा आणि मुलाखत घेणारा ही दोन वेगळी माणसे असतात. म्हणून विनंतीचा ईमेल छापून सोबत न्यावा, आणि सुरुवातीला एका वाक्यात तीच मागणी पुन्हा सांगावी.

मधेच एखादा प्रश्न ऐकू आला नाही, तर नुसते 'काय म्हणालात?' असे विचारू नये. त्याने समोरचा माणूस तेच वाक्य तसेच पुन्हा म्हणतो. जेवढे कळले तेवढे सांगून राहिलेलेच विचारावे: 'आपण थकीत कर्जाच्या तरतुदीबद्दल विचारलेत, पण टक्केवारी कोणती म्हणालात?' यातून आपण लक्ष देऊन ऐकत आहोत हेही दिसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे न कळलेल्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देऊ नये. निवड समितीत बसल्यावर मी पाहिले आहे की पुन्हा विचारणाऱ्या उमेदवाराबद्दल कोणी काही बोलत नाही, पण भलत्याच प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला विषय येत नाही असे सगळे धरून चालतात.

मुलाखत दुसऱ्या कंपनीने नेमलेल्या एजन्सीमार्फत आहे. मग पत्र कोणाला?

पत्र एजन्सीलाच लिहावे, पण मूळ कंपनीत ते पोहोचले का हे विचारून घ्यावे. 'ही विनंती आपण कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला कळवल्यावर मला एक ओळ कळवावी' एवढे वाक्य शेवटी जोडावे. एजन्सीचे काम फोन आणि व्हॉट्सॲपवर चालते, तेव्हा तिथे तोंडी बोलणे झाले तरी त्याच दिवशी ईमेलने लेखी कळवावे.

उत्तरच आले नाही तर?

दोन कामाचे दिवस थांबून एकच आठवण पाठवावी आणि तिच्यात मागणी पुन्हा पूर्ण लिहावी, कारण जुना ईमेल शोधून वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. घरातल्या कोणाला तरी चौकशीचा फोन करायला लावणे शक्यतो टाळावे. मी ते केले आहे, माझ्या वडिलांनी माझ्यासाठी फोन केला होता, आणि पलीकडच्या माणसाच्या मनात उरले ते एवढेच की हिला स्वतः बोलता येत नाही. फोन करणे अपरिहार्यच असेल, तर संदेश पाठवून व्हिडिओ कॉलची वेळ मागावी.

'तुम्हाला नक्की काय झाले आहे? हे काम जमेल का?' असे समितीने विचारले तर?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना वेगळीच उत्तरे द्यावीत. पहिल्याला एक शांत वाक्य पुरते: 'मला कमी ऐकू येते, श्रवणयंत्रामुळे समोरासमोर अडचण येत नाही.' तिथे थांबावे. शांतता पसरली तरी ती आपण भरून काढायची गरज नाही, कारण जास्तीचे तपशील बहुतेक वेळा त्या शांततेतच निसटतात.

दुसरा प्रश्न रास्त आहे आणि त्याला तपशीलवार उत्तर द्यावे, पण ते कामाविषयी असावे. 'सध्याच्या ठिकाणी मी ग्राहकांशी ईमेलवर आणि समोरासमोर बोलतो, फोनवरची चौकशी माझा सहकारी घेतो आणि त्याबदल्यात त्याच्या जुळवणीचे काम मी करतो' असे एखादे खरे उदाहरण दहा आश्वासनांपेक्षा वजनदार ठरते. पदाचे मुख्य कामच दिवसभर फोनवर बोलण्याचे असेल, तर ते प्रामाणिकपणे मान्य करावे आणि शक्यतो अर्ज करण्याआधीच त्याचा विचार करावा.

सोय नाकारली तर पुढे काय करता येते?

आधी पर्याय विचारावा, कारण पुष्कळदा नकार फक्त त्या एका मागणीला असतो. व्हिडिओ कॉल नको असेल तर लेखी प्रश्न चालतील का, प्रत्यक्ष भेट चालेल का, असे विचारावे. तरीही नकार आला तर तो लेखी मिळवावा किंवा स्वतः ईमेल लिहून नोंद करून ठेवावी: 'आज आपण सांगितल्याप्रमाणे फोनखेरीज अन्य माध्यम शक्य नाही, असे मी समजतो.' सरकारी आस्थापनेत या कायद्याच्या कलम २३ नुसार तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, तेथे तक्रार करता येते. महाराष्ट्रात याखेरीज पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांच्या कार्यालयाकडे दाद मागता येते.

खासगी संस्थेविरुद्ध तक्रार करावी का, याचे उत्तर मी सरसकट देणार नाही. आयुक्त शिफारस करू शकतात, पण त्यात महिने जातात आणि तोवर ते पद बहुधा भरले गेलेले असते. तुमची ती एक मुलाखत वाचवण्यासाठी तक्रारीचा उपयोग क्वचितच होतो. त्या संस्थेच्या पुढच्या उमेदवारासाठी तो होऊ शकतो. दोन्ही गोष्टी ठाऊक असताना निर्णय घ्यावा, आणि तक्रार न करण्याचा निर्णय घेतला तर त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नये.

माझा त्रास ऐकण्याचा नाही. हीच रीत चालेल का?

चालेल, कारण अडथळा आणि उपाय हे दोन भाग तेच राहतात. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेला उमेदवार असे लिहू शकतो: 'प्रकृतीच्या कारणास्तव मुलाखतीदरम्यान मला फोन टेबलावर ठेवावा लागेल आणि गरज पडल्यास काही खावे लागेल.' साखर मोजणाऱ्या संवेदकाचा इशारा वाजला तर तो फोन उचलण्याचा उद्धटपणा वाटू नये, एवढाच त्यामागचा हेतू, आणि त्यासाठी मधुमेहाचे नावही घ्यावे लागत नाही. कंबरेच्या किंवा सांध्यांच्या त्रासासाठी तळमजल्यावरची खोली किंवा मधे पाच मिनिटे उभे राहण्याची मुभा मागता येते.

तोतरेपणाबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. अनुसूचीतील वाचा व भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या स्वरयंत्र काढणे किंवा मेंदूच्या आजाराने वाचा जाणे अशा कारणांभोवती बांधलेली असल्यामुळे तोतरेपणाला प्रमाणपत्र मिळेलच असे नाही. तरीही 'मी काही शब्दांवर अडखळतो. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि शब्द सुचवू नयेत' हे मुलाखतीच्या सुरुवातीला सांगणे फार उपयोगी पडते. येथे बोलणे प्रत्यक्ष सुरू होणारच असल्याने आधी पत्र पाठवण्यापेक्षा सुरुवातीला स्वतः सांगणे अनेकांना सोपे जाते. मिनिटांत मोजली जाणारी सादरीकरणाची फेरी असेल, तर जादा वेळ मात्र आधीच लेखी मागावा.

नंतर वैद्यकीय तपासणी किंवा प्रकृतीविषयी अर्ज भरायला दिला तर? तेव्हा लपवले असे होईल का?

मुलाखतीत न सांगणे आणि लेखी विचारल्यावर खोटे लिहिणे यांत मोठे अंतर आहे. नेमणुकीच्या वेळच्या अर्जात श्रवणाबद्दल थेट विचारले असेल तर खरे लिहावे, कारण खोट्या माहितीवरून नंतर नोकरी जाऊ शकते आणि तेव्हा कायद्याचा आधारही लंगडा पडतो. मुलाखतीआधी पाठवलेले पत्र इथे तुमच्या बाजूने उभे राहते, कारण श्रवणयंत्राचा उल्लेख त्यात तारखेसह आहे. ते पत्र आणि त्याला आलेले उत्तर जपून ठेवावे. रुजू झाल्यावर कामाच्या जागेसाठी जी सोय मागायची आहे, ती त्याच पत्राचा हवाला देऊन नव्याने मागावी, आणि तिच्यातही पहिलाच थर लिहावा: सभेत कुठे बसायला हवे, फोनऐवजी संपर्काचे कोणते माध्यम चालेल, आणि आगीची घंटा ऐकू आली नाही तर सांगायला कोण येईल.